केस काळे करा, पण चमक पुसू नका

मागच्या वेळी आपण जुना फोटो स्कॅन कसा करायचा ते पाहिलं. त्यानंतर गटातल्या ज्या बायका फोटोची कामं घेतात, त्यांच्याकडून एकच प्रश्न आला. गिऱ्हाईक म्हणतं, "आईच्या फोटोतले केस काळे करून द्या." आम्ही करतो, पण ते टोप घातल्यासारखे दिसतात. असं का होतं? आज तेवढंच बोलू.

माझ्या हातून झालेली चूक आधी सांगते. एक ताई दुकानात आल्या. त्यांची आई वारली होती, वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं होतं आणि भिंतीवर लावायला धड फोटो नव्हता. होता तो एकच, भाच्याच्या लग्नात मोबाइलवर काढलेला. चेहरा छान हसरा, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. पण मांडवाबाहेर दुपारच्या उन्हात काढलेला, आणि आईनं लग्नासाठी मेंदी लावलेली. पांढऱ्या केसांवर मेंदी चढली की ती नारिंगी दिसते, हे तुम्हाला माहीतच आहे. उन्हात ती आणखी भडक झाली होती. ताई म्हणाल्या, "आईचे केस एरवी असे नव्हते हो. जरा काळे करून द्या."

मी ब्रश घेतला, काळा रंग घेतला आणि केसांवरून फिरवला. दहा मिनिटांत काम झालं. ताईंनी स्क्रीनकडे पाहिलं, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ताई, ही माझी आई नाही वाटत."

त्यांचं बरोबर होतं. चेहऱ्याला मी हातही लावला नव्हता, तरी माणूस बदललं होतं. कारण केस आपल्याला नुसत्या रंगावरून कळत नाहीत. केसांवर प्रकाश पडतो, तिथं एक उजळ पट्टा दिसतो. अंबाड्याच्या वळणावर तो पट्टा वळतो, भांगाजवळ तुटतो, कानामागे सावलीत नाहीसा होतो. त्या उजेड-सावलीवरून डोकं गोल आहे, केस तेलानं चोपलेले आहेत की धुतलेले भुरभुरीत आहेत, हे डोळ्याला कळतं. मी वरून काळा थर दिला तेव्हा तो पट्टा झाकला गेला. उरला तो नुसता काळा डाग.

म्हणून या कामाचं सूत्र एवढंच: केसांचा रंग बदलायचा, उजेड-सावली शक्यतो तशीच ठेवायची. आणि काळेपणा आणायचा असेल तर तो मधल्या छटांमध्ये आणायचा, चमकेमध्ये नाही. हे कसं करायचं ते त्याच फोटोवर सांगते. मी जिंप वापरते. ते फुकट मिळतं आणि साध्या कॉम्प्युटरवर चालतं. स्क्रीनवर इंग्रजीत जी नावं दिसतात ती मी तशीच सांगेन, म्हणजे शोधायला सोपं जाईल.

सुरुवात फोटो मागवण्यापासून. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि केसांच्या बारीक रेषा पहिल्यांदा जातात. म्हणून गिऱ्हाइकाला सांगा, "फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा," किंवा मोबाइल घेऊनच या म्हणा. फोटो जिंपमध्ये उघडला की लगेच File मेनूतल्या Save नं साठवून घ्या. ही फाइल .xcf नावाची होते आणि तिच्यात सगळे थर वेगवेगळे राहतात. मूळ फोटो तसाच्या तसा बाजूला राहू द्या.

आता थर म्हणजे काय? जिंपमध्ये त्याला लेअर म्हणतात. फोटोवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ठेवला आणि रंगकाम त्या कागदावर केलं, असं समजा. बिघडलं तर कागद काढून टाकायचा, खालचा फोटो शाबूत. आपल्याला असे दोन कागद लागणार आहेत: पहिला रंगासाठी, दुसरा काळेपणासाठी. हीच गोष्ट मी पहिल्यांदा चुकले होते. दोन्ही कामं एकाच ब्रशनं करायला गेले.

पहिला थर रंगाचा. ब्रशच्या रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की रंगाची खिडकी उघडते. तिच्यात HTML notation लिहिलेल्या जागी 4a3b33 असं टाका. हा गडद, मळकट तपकिरी रंग आहे. आपल्याकडचे काळे केस उन्हात नीट पाहिले तर असेच दिसतात, डांबरासारखे नाही. मग Layer मेनूतून New Layer घ्या आणि Fill with समोर Foreground color निवडा. सगळा फोटो तपकिरी रंगाखाली झाकला जाईल. घाबरू नका, हा रंग आता फक्त केसांपुरता ठेवायचा आहे.

त्यासाठी मास्क. लेअरच्या नावावर उजवं क्लिक करून Add Layer Mask घ्या आणि Black (full transparency) निवडा. तपकिरी रंग एकदम गायब होईल. मास्क म्हणजे रांगोळीच्या छाप्यासारखा: जिथं भोक आहे तिथूनच रंग खाली पडतो. मास्कवर काळं असेल तिथं रंग अडतो, पांढरं असेल तिथं उतरतो, राखाडी असेल तिथं अर्धामुर्धा उतरतो. या राखाडीमुळेच कपाळाजवळचे विरळ केस जमतात, ते पुढे सांगते.

आता लेअरच्या यादीच्या वर Mode असं लिहिलेलं दिसेल. तिथं आधी Normal असतं. Normal म्हणजे भिंतीला ऑइलपेंट दिल्यासारखं, खालचं सगळं झाकलं जातं. त्याऐवजी HSL Color निवडा. हा मोड वरच्या थरातून फक्त रंग घेतो आणि उजळ-गडदपणा खालच्या फोटोतला ठेवतो. पांढऱ्या साडीवर पांढऱ्याच दोऱ्याची नक्षी असेल आणि ती साडी रंगात बुडवली, तर रंग बदलतो पण नक्षी जात नाही. तसंच इथं होतं. केसांचा उजळ पट्टा उजळच राहतो.

ब्रशसाठी P दाबा. कडा मऊ असलेला ब्रश घ्या, त्याची Opacity ४०च्या आसपास ठेवा. D दाबलं की रंग काळा-पांढरा होतो, X दाबलं की दोन्हींची अदलाबदल होते. पांढरा वर आणा आणि मास्कच्या छोट्या चौकटीवर एकदा क्लिक करून मग केसांवर ब्रश फिरवा. हे क्लिक विसरू नका. तुम्ही ब्रश फिरवताय आणि फोटोत काहीच बदलत नाहीये, असं झालं तर समजायचं की आपण मास्कवर नाही, लेअरवरच रंगवतोय. Ctrl+Z करून मागे या.

ब्रश केस जसे विंचरले असतील त्याच दिशेनं फिरवा, भांगापासून कानाकडे आणि मागे अंबाड्याकडे. आडवा फिरवला की पट्टे पडतात. एकाच हातात पूर्ण रंग उतरवू नका, दोन-तीन हात द्या.

या फोटोत एक गंमत होती. जिंपमध्ये एका रंगाचं सगळं एका क्लिकमध्ये निवडायची सोय आहे. मी ती वापरून पाहिली, तर नारिंगी केसांबरोबर अबोलीचा गजराही निवडला गेला. मशीनला दोन्ही नारिंगीच. कोणते केस आणि कोणतं फूल ते आपल्यालाच माहीत. म्हणून मास्क हातानं रंगवला. गजऱ्यावर चुकून रंग गेला की X दाबून काळा ब्रश घ्यायचा आणि तिथून मास्क बंद करायचा. कानातली कुडी, केसांतली पिन, डोक्यावरून घेतलेला पदर, या सगळ्यांच्या कडा अशाच परत मोकळ्या करून घ्या.

भांगाची रेघ तर मुळीच झाकू नका. तिथं डोक्याची कातडी दिसते. ती तपकिरी-राखाडी झाली की फोटो लगेच खोटा वाटतो. कपाळाजवळ आणि कानशिलावर केस विरळ असतात, मधून कातडी दिसते. तिथं ब्रशची Opacity २० करा आणि एकच हात द्या. मास्कवर गडद राखाडी बसेल, रंग थोडासाच उतरेल आणि कुठं केस संपले, कुठं कपाळ सुरू झालं, ती सीमा मऊ राहील. टोपासारखं दिसण्याचं दुसरं कारण ही कडक सीमाच असते.

एवढं झालं की केस नारिंगी राहात नाहीत, पण काळेही होत नाहीत. राखट दिसतात. बऱ्याच जणींना इथं वाटतं की चुकलं. मग त्या तपकिरीच्या जागी शुद्ध काळा रंग टाकतात आणि केस आणखी राखेसारखे होतात! त्याचं कारण समजून घ्या. HSL Color हा मोड वरच्या थराचा काळेपणा घेतच नाही, फक्त रंग घेतो. काळ्यात रंग कुठला? म्हणून तो खालच्या केसांतला सगळा रंग काढून टाकतो, आणि नारिंगीचा उजळपणा तसाच राहिल्यामुळे करडे केस उरतात. काळेपणा या थरातून येणार नाही, त्यासाठी दुसरा थर.

दुसरा थर करायला मेहनत नाही. पहिल्या लेअरवर उभं राहून Layer मेनूतून Duplicate Layer घ्या. मास्कसकट नक्कल होते, परत केस रंगवायला नकोत. आता नकलेच्या मास्कवर नाही, तर शेजारच्या रंगाच्या चौकटीवर क्लिक करा आणि Edit मेनूतून तो थर काळ्या रंगानं भरा. मग Mode मध्ये Soft light निवडा.

Soft light का? उजळपणा ० ते १०० असा मोजू. ० म्हणजे पूर्ण काळं, १०० म्हणजे पूर्ण पांढरं. वर काळा थर ठेवून Soft light लावलं, तर ५० असलेली मधली छटा २५वर येते, म्हणजे निम्मी होते. पण ९० असलेली चमक ८१वरच थांबते. आणि पूर्ण पांढरं पांढरंच राहतं. केस गडद होतात आणि चमक जवळजवळ जागेवर राहते, आपल्याला नेमकं हेच हवं होतं. काही जणी इथं Multiply वापरतात. त्यात गडद राखाडी वर ठेवली की सावली आणि चमक दोन्ही एकाच मापानं खाली येतात. केस काळे होतात, पण मलूल, धूळ बसल्यासारखे.

पूर्ण ताकदीचं Soft light मात्र जास्त होतं. आधीच गडद असलेली २०ची छटा ४वर जाते, म्हणजे मानेजवळच्या सावलीत केसांच्या रेषा बुडतात. म्हणून लेअरची Opacity कमी करा. या फोटोत मी ६०वर ठेवली. तेव्हा ५०ची छटा ३५ झाली, २०ची साधारण १० झाली आणि ९०ची ८५च्या आसपास राहिली. तुमच्या फोटोत हा आकडा ४० असेल किंवा ७०. आकडा पाठ करू नका, मानेजवळ केसांच्या रेषा अजून वेगवेगळ्या दिसतात का ते बघा. दिसेनाशा झाल्या की थोडं मागे या.

आता एक मर्यादा. Soft light पूर्ण पांढऱ्याला हात लावत नाही, हे मघाशी सांगितलं. म्हणजे अगदी पांढऱ्या बटा या पद्धतीनं काळ्या होणार नाहीत. त्या कमी करायच्याच असतील, तर तेवढ्यापुरता तिसरा थर घ्या: तोच तपकिरी रंग, काळा मास्क, मोड Multiply. मग बारीक ब्रशनं फक्त त्या बटांवरून मास्क थोडा उघडा, लेअरची Opacity ३० ते ४०. पण कुठं फ्लॅशनं किंवा उन्हानं केस जळून नुसता पांढरा ठिपका उरला असेल, तर तिथं केसांच्या रेषाच नसतात. मोड काहीही वापरा, नसलेली रेषा येत नाही. अशा वेळी गिऱ्हाइकाला आधीच सांगा की दुसरा फोटो असेल तर शोधा.

उलट कामातही हीच अडचण येते. मुली काळ्या केसांना तांबूस रंग मागतात. HSL Color लावलं तर जवळजवळ काहीच दिसत नाही, कारण गडद काळ्यात रंग दिसायला उजेड लागतो. तिथं रंग फक्त चमकेच्या पट्ट्यावर दिसेल, आणि खरंही तेच असतं. गडद डोळे निळे करायचे म्हटलं तरी तसंच. बुबुळाला मास्क कराल, पण मधली काळी बाहुली आणि तिच्यावरचा पांढरा उजेडाचा ठिपका सोडून द्या. तो ठिपका रंगला तर डोळा काचेचा वाटतो.

काम झालं की तपासायचं कसं? लेअरच्या शेजारी डोळ्याचं चिन्ह असतं. ते बंद-चालू करत मूळ आणि नवं आलटून पालटून पाहा. चमकेचा पट्टा दोन्हींत त्याच जागी, त्याच आकाराचा दिसला पाहिजे. मग फोटो स्क्रीनवर लहान करून पाहा. लहान झाल्यावर आधी नजर चेहऱ्याकडे गेली तर काम जमलं. केसांकडे गेली तर काळेपणा जास्त झालाय. भुवयांकडेही बघा. भुवया करड्या आणि केस कोळशासारखे, असं वयस्कर माणसाचं रूप नसतं.

शेवटी प्रिंट. पाठीमागून उजेड येणाऱ्या स्क्रीनवर जे सुरेख दिसतं, ते कागदावर बहुतेक वेळा गडद येतं आणि काळे केस एकत्र चिकटतात. म्हणून मोठी फ्रेम छापण्याआधी File मेनूतल्या Export As नं JPG काढा आणि ४ बाय ६ची एक प्रिंट घ्या. ती उन्हात नाही, घरातल्या भिंतीपाशी धरून पाहा, कारण फ्रेम तिथंच लागणार आहे. केस चिकटलेले दिसले तर दुसऱ्या थराची Opacity १०नं कमी करा. .xcf फाइल ठेवली असेल तर हे मिनिटाचं काम आहे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पासपोर्ट, आधार किंवा कुठल्याही ओळखपत्राच्या फोटोत हे काम करायचं नाही. तिथं माणूस जसा आहे तसाच दिसला पाहिजे, नाहीतर त्रास गिऱ्हाइकालाच होतो. लग्नाच्या स्थळासाठी देणाऱ्या फोटोबाबतही मी नाहीच म्हणते. समोरचं घर त्या फोटोवर विश्वास ठेवणार असतं.

तर त्या ताई दोन दिवसांनी परत आल्या. मी सगळे केस नीट काळे केले होते, कानशिलावरच्या पांढऱ्या बटेवरही तिसरा थर दिला होता. त्यांनी फोटो जवळून पाहिला आणि म्हणाल्या, "डोकं आता आईचं वाटतंय. पण इथं एक पांढरी बट होती हो. आई पदर घ्यायची तरी ती बाहेर यायची." मी तिसऱ्या थराच्या मास्कवर काळा ब्रश घेऊन तेवढी बट परत मोकळी केली. वेणीच्या पेडाएवढी जागा, अर्धं मिनिट लागलं. तो फोटो फ्रेम होऊन गेला.

तेव्हापासून मी काम सुरू करायच्या आधीच विचारते, "केस काळे करू, पण कुठले पांढरे राहू द्यायचे?" तुम्हीही विचारा. घरच्या माणसाला ते बरोबर माहीत असतं, आणि आपलंही काम दोनदा करावं लागत नाही.

पुढच्या वेळी फोटोवरचे ओरखडे आणि डाग कसे काढायचे ते बघू. नमस्कार.